लाल डब्यातली बांगडी परत कशी करावी?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडच्या एका यंत्रनिर्मिती कंपनीतर्फे गेली अडीच वर्षे चीनमध्ये सुझोउला आहे. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या कारखान्यातले यंत्र ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बंद पडले. सुट्टी सोडून मी पाच दिवस तिथे राहिलो आणि ते चालू करून दिले. त्यानंतर मालकांनी मला आणि पत्नीला जेवायला बोलावले व निघताना पत्नीच्या हातात एक लाल डबा ठेवला. आम्ही तीन-चार वेळा ‘नको’ म्हणालो, पण त्यांनी ऐकले नाही. घरी येऊन पाहिले तर हिरव्या जेडची बांगडी आणि प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र! दुकानात चौकशी केली तेव्हा अशा बांगडीला 30 ते 40 हजार युआन पडतात असे कळले. आमच्या कंपनीत 500 युआनपेक्षा महाग भेट घेता येत नाही. शिवाय यंत्र कशामुळे बिघडले याचा अहवाल मलाच लिहायचा आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोणावर पडणार हे त्यावरून ठरेल. माणूस मनाने चांगला आहे, त्याला दुखवायचे नाही. पत्नी म्हणते, सवाष्णीच्या हातात दिलेली बांगडी परत कशी करायची? काय करावे?

उत्तर : बांगडी परत करा, आणि अहवाल पाठवण्याआधी करा. कंपनीची 500 युआनची मर्यादा नसती तरी मी हेच सांगितले असते, कारण खरी अडचण किमतीत नसून त्या अहवालात आहे. बांगडी घरात असताना तुम्ही ‘दोष यंत्राचा’ असे लिहिलेत तर उद्या तुमच्याच कंपनीतला कोणी तरी म्हणेल की अहवाल विकत घेतला गेला. ‘दोष चालवणाऱ्याचा’ असे लिहिलेत तर मालकांना वाटेल की बांगडीही ठेवली आणि वर बिलही आपल्याच माथी मारले. आणि अहवाल गेल्यानंतर बांगडी परत केलीत, तर ती परतफेड अहवालाची पुरवणी म्हणून वाचली जाईल. आधी बांगडी आणि मग, मध्ये निदान एक आठवडा जाऊ देऊन, अहवाल, हा क्रम चुकवू नका.

आता तुमचे ‘नको’ त्यांना ऐकू का आले नाही, ते पाहू. आपल्याकडे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपण ‘पुरे, पुरे’ म्हणतो, तो ऐकत नाही, आणि त्यानेही ऐकू नये अशीच आपली अपेक्षा असते. ज्याला खरोखर नको असते तो पानावर दोन्ही हात आडवे धरतो. चिनी यजमानाच्या दारातही तसेच आहे. भेट पुढे केली की पाहुण्याने दोन-तीनदा नाकारायची, यजमानाने दोन-तीनदा आग्रह करायचा आणि मग पाहुण्याने दोन्ही हातांनी ती घ्यायची, हा शिष्टाचार आहे. तुम्ही तीन-चार वेळा नाही म्हणालात, म्हणजे त्यांच्या लेखी अत्यंत सुसंस्कृतपणे भेट स्वीकारलीत. समोर डबा उघडून न पाहणे हेही तिथे रीतीला धरूनच होते. तेव्हा त्या रात्री काही चुकले असे मनाला लावून घेऊ नका. मात्र एवढे ओळखा की आणखी जोरात ‘नको’ म्हणण्याने आता काही साधणार नाही. ‘नको’ या शब्दाला त्या प्रसंगात अर्थच उरलेला नाही, म्हणून पानावर आडवा हात धरण्याचा दुसरा मार्ग शोधला पाहिजे.

तो मार्ग असा. चिनी व्यवहारात ‘रन-छिंग’ नावाची एक न लिहिलेली खातेवही असते. कोणी कोणासाठी काय केले, कोण कोणाचे देणे लागतो, याची दोन्ही बाजूंना चांगली आठवण असते. तुम्ही सुट्टीचे पाच दिवस दिलेत, तेव्हा त्यांच्या नावावर देणे चढले. कारखान्याच्या मालकाला, आणि तेही आपल्या हाताखालच्या माणसांच्या देखत, परक्या देशातल्या इंजिनिअरच्या ऋणात राहणे अवघड वाटते. बांगडी देऊन त्यांनी ते खाते बरोबर केले, किंबहुना थोडे आपल्या बाजूला झुकवून ठेवले. अशा वेळी तुम्ही बांगडी नुसती परत दिलीत तर त्यांना त्यात ‘मला तुमच्याशी देणेघेणेच नको’ एवढेच ऐकू येईल, आणि ‘म्येन्-त्झ’ जाते, म्हणजे तोंड दाखवायला जागा उरत नाही, ती तिथे. म्हणून बांगडी नाकारायची नाही. बांगडीमुळे तुम्ही अडचणीत आला आहात, हे सांगून त्या अडचणीतून सोडवण्याची त्यांना विनंती करायची. बांगडी परत घेणे हे त्यांनी तुमच्यावर केलेले उपकार ठरले पाहिजेत. देणारे तेच राहतात; आधी बांगडी देत होते, आता तुमची सुटका करून देतात.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे, पण शिकलो ते मार खाऊन. शांघायला असताना एका ग्राहकाने वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आधी माझ्याकडे माओताई या महागड्या चिनी दारूच्या बाटल्यांची जोडी पाठवली होती. मी नियमाचा मोठा पक्का. दुसऱ्याच दिवशी इंग्रजी आणि चिनी अशा दोन भाषांत टंकलेले, अत्यंत सभ्य पत्र जोडून ती जोडी कुरिअरने त्यांच्या कार्यालयात परत पाठवली. खोके स्वागतकक्षात तीन माणसांसमोर उघडले गेले. पत्रात एकही वावगा शब्द नव्हता, पण कागदावर छापून आले होते की अमुक साहेबांनी दिलेली भेट घेण्यासारखी नाही. पुढचे सहा महिने आमच्या प्रत्येक प्रस्तावाला ‘येन-ज्यू येन-ज्यू’, म्हणजे ‘बघू, विचार करू’, एवढेच उत्तर येत राहिले. कोणी रागावले नाही की काही बोलले नाही. दार हळूच लोटून घेतले, इतकेच. तेव्हा कुरिअर, टंकलेले पत्र आणि स्वागतकक्ष या तीन गोष्टी तुम्ही टाळायच्या आहेत.

पहिले काम घरात. पत्नीने बांगडी घालू नये. जेड अंगावर वापरले की माणसाचे आणि दगडाचे नाते जुळते, दगड माणसाला जपतो आणि माणूस दगडाला, अशी तिथली श्रद्धा आहे. वापरलेले जेड परत देणे हे न वापरलेले परत देण्यापेक्षा कितीतरी जड जाते. एकदा हौसेने घालून पाहिली असेल तर त्याचा बाऊ करू नका, फक्त यापुढे नको. बांगडी, प्रमाणपत्र, आतली मखमली गादी, दोरा, पिशवी, जे जसे आले ते तसेच डब्यात ठेवा. बांगडीचा, प्रमाणपत्राचा आणि त्यावरच्या क्रमांकाचा एकेक फोटो काढून ठेवा. बांगडी अखंड असते आणि फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात, म्हणून ‘जरा शेजारणीला दाखवते’ हेही नको.

दुसरे काम कंपनीत, आणि त्याला एक दिवसही लावू नका. आपल्या वरिष्ठांना आणि नियमपालन पाहणाऱ्या विभागाला चार ओळींची ई-मेल लिहा: अमुक तारखेला जेवणानंतर ग्राहकाने पत्नीला ही वस्तू दिली, आम्ही नको म्हटले असतानाही आग्रहाने दिली, अंदाजे किंमत ही, मी ती परत करणार आहे आणि परत केल्यावर कळवीन. ग्राहकाच्या हेतूबद्दल त्यात एक अक्षरही लिहू नका. ‘लाच’, ‘प्रलोभन’ असले शब्द एकदा ई-मेलमध्ये गेले की ते कोणाकोणाच्या हाती पडतील यावर तुमचा ताबा राहत नाही. त्याच ई-मेलमध्ये विनंती करा की यंत्राचा अहवाल तपासून त्यावर दुसऱ्या एका इंजिनिअरनेही सही करावी. बांगडी परत गेली तरी ही दुसरी सही घ्या. तुमच्या निष्कर्षावर पुढे कोणी बोट ठेवले तर ती उपयोगी पडेल.

हे एवढे काटेकोर का, तर तुम्ही चिनी कायद्याच्या हद्दीत आहात. चीनच्या फौजदारी कायद्याच्या 163व्या कलमानुसार खासगी कंपनीतल्या माणसाने आपल्या पदाचा उपयोग करून दुसऱ्याचा लाभ करून देण्यासाठी मालमत्ता घेणे हा गुन्हा आहे, आणि 164व्या कलमात देणाऱ्याचीही तरतूद आहे. 2022 पासून घेणाऱ्याच्या बाबतीत गुन्हा नोंदवण्याची रेषा 30,000 युआनवर आहे. आभारादाखल मिळालेली भेट आपोआप या कलमात बसत नाही, हे खरे. पण खर्चाचा निवाडा करणारा अहवाल तुमच्या टेबलावर आहे आणि बांगडीची किंमत नेमकी त्या रेषेपाशी आहे. या परिच्छेदातले एकही वाक्य मालकांसमोर उच्चारू नका. त्यांना कायदा तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, आणि पाहुण्याच्या तोंडून तो ऐकणे म्हणजे आरोप ऐकणे.

आता मध्यस्थ. असे नाजूक काम तिथे दोघे थेट करत नाहीत. दोघांचाही विश्वास असलेला तिसरा माणूस आधी जमीन तयार करतो. तुमच्या सुझोउ कार्यालयात या ग्राहकाचे खाते पाहणारी एखादी स्थानिक, वयाने थोडी मोठी व्यक्ती असेलच. मालक जिच्याशी हसून बोलतात, ती निवडा. दुभाषी म्हणून नेमलेला तरुण मुलगा नको, आणि मालकांची सचिव किंवा चालक तर मुळीच नको, कारण हाताखालच्या माणसाला हे कळणे म्हणजे सगळ्या कारखान्याला कळणे. मध्यस्थाने मालकांना फोनवर एवढेच सांगायचे की इंजिनिअरसाहेब तुमच्या भेटीने फार भारावले आहेत, पण त्यांच्या मुख्य कार्यालयाच्या नियमामुळे ते पेचात सापडले आहेत आणि तुमचा सल्ला मागायला येऊ इच्छितात. ‘सल्ला मागायला’ हे शब्द तसेच ठेवा. यामुळे दोन गोष्टी होतात: मालकांना विचार करायला एक-दोन दिवस मिळतात, आणि तुम्ही दारात उभे राहाल तेव्हा त्यांना धक्का बसत नाही. हुशार माणूस तेवढ्यावरून सगळे ओळखतो. काही वेळा तर मालक मध्यस्थालाच म्हणतात, ‘असे आहे होय, मग राहू दे, तूच घेऊन ये.’ असे झाले तर सुटलात. तरीही नंतर एकदा जाऊन भेटाच.

भेटायला त्यांच्या खोलीत जा आणि दार लावलेले असू द्या, किंवा एखाद्या चहागृहातली वेगळी खोली घ्या. वेळ कामाच्या दिवशी दुपारची बरी. मेजवानीत, दारूच्या पेल्यांच्या गलक्यात हा विषय नको, कारण तिथे मालकांना चारचौघांत मोठेपणा दाखवावाच लागतो आणि मग बांगडी दुप्पट जोराने तुमच्याकडे परत येते. लाल डबा साध्या, जाड कापडी पिशवीत न्या. वाटेत दिसलेला लाल डबा म्हणजे स्वागतकक्षातल्या मुलींना दिवसभराचा विषय.

बोलण्याचा क्रम सांगतो. बसल्याबरोबर डबा काढू नका. आधी यंत्राची, मग त्यांच्या घरची विचारपूस करा, चहा दोनदा भरला जाऊ द्या. मग जेवणाचे आणि बांगडीचे मनापासून कौतुक करा, आणि ते ठोस असू द्या: रंग कसा आहे, पत्नीने ती हातात घेतली तेव्हा काय म्हणाली. यानंतर चिनी भाषेत एक वाक्य म्हणा, जे नेमके अशाच प्रसंगासाठी त्या भाषेत तयार आहे: ‘शिन-यी वो लिंग ल’, म्हणजे तुमच्या मनातला भाव मला पोहोचला, तो मी घेतला. भाव घेतला आणि वस्तू राहिली, हा भेद चिनी कानाला सहज कळतो आणि त्यात अपमान मुळीच नाही. उच्चार थोडा चुकला तरी चालेल, पण हे वाक्य दुभाष्याकडून वदवू नका, स्वतः म्हणा.

त्यानंतरचे बोलणे साधारण असे असावे: “साहेब, आमच्या पुण्याच्या कार्यालयाचा एक रुक्ष नियम आहे, 500 युआनच्या वरचे काहीही कोणाकडूनही घेता येत नाही. माझ्या थोरल्या साहेबांनाही तो लागू आहे. ही बांगडी माझ्याकडे राहिली तर मला फार अवघड होईल. तुम्ही मला धाकट्या भावासारखे वागवता, म्हणून तुमच्याकडेच आलो. यातून मला तुम्हीच सोडवा.” यातला ‘अवघड होईल’ हा भाग मध्यस्थ चिनी भाषेत ‘वेइ-नान’ या शब्दाने सांगेल. पाहुण्याला ‘वेइ-नान’ करणे, म्हणजे पेचात टाकणे, हे चिनी यजमानाला स्वतःच्या आतिथ्यातले न्यून वाटते, म्हणून हा शब्द हव्या त्या ठिकाणी काम करतो. ‘कोणाकडूनही’ आणि ‘थोरल्या साहेबांनाही’ हे शब्द गाळू नका. नियम त्यांच्यासाठी खास काढला नाही, हे त्यातूनच कळते. ‘फार महाग आहे’ असे मात्र म्हणू नका. किंमत काढली की तुम्ही दुकानात जाऊन चौकशी केलीत हे उघड होते, आणि ते आपल्याकडेही कोणाला आवडत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नका. शेजारणीचा डबा परत करताना आपण त्यात चिमूटभर साखर तरी घालतो. त्यांच्याकडेही ‘ली शांग वांग लाइ’, म्हणजे आले की काही जावे, ही रीत आहे. त्यांनी पत्नीला दिले, तेव्हा तुमची भेट त्यांच्या पत्नीसाठी असू द्या. हिमरूची शाल हा मला उत्तम पर्याय वाटतो: हाताने विणलेली, आपल्या छत्रपती संभाजीनगरची, दिसायला भारदस्त, आणि साधी निवडली तर तुमच्या मर्यादेत बसते. रंग लाल, किरमिजी किंवा सोनेरी घ्या. पांढरी शाल आणि पांढरा-काळा कागद हे तिथे मरणाच्या दारातले रंग. जोडीला घड्याळ, छत्री, सुरी किंवा पेअर फळे नकोत. चिनी भाषेत ‘घड्याळ भेट देणे’ हे शब्द ‘अखेरचा निरोप देणे’ या शब्दांसारखे ऐकू येतात, आणि छत्री व पेअर यांचे उच्चार ताटातुटीच्या शब्दांशी जुळतात. बांगडी परत करण्याच्या दिवशी असा श्लेष कोणालाच परवडणार नाही. शालीची किंमत आणि प्रसंग कंपनीला पाठवलेल्या त्याच ई-मेलच्या साखळीत नोंदवून ठेवा.

शाल आधी द्या, डबा नंतर पुढे ठेवा, दोन्ही वेळी दोन्ही हातांनी. डबा टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवू नका, हातात द्या.

ते पहिल्यांदा नाहीच म्हणतील. ती रीत आहे, हसून पुन्हा विनंती करा. दुसऱ्यांदा म्हणतील, ‘नियम माणसे बनवतात, कोणाला कळणार आहे?’ हीही अजून रीतच आहे. उत्तर एवढेच की ‘मला कळणार आहे आणि माझी झोप जाईल.’ यावर बहुतेक माणसे हसतात. पण त्यांचा आवाज उतरला, चहाचा पेला बाजूला झाला आणि ‘खान-बु-छी’, म्हणजे ‘तुम्ही मला कमी लेखता’, हे शब्द आले, तर ती रीत नव्हे, ते दुखावणे आहे. तिथे थांबा. तिसऱ्यांदा डबा पुढे करू नका. मध्यस्थाकडे पाहा, विषय बदलू द्या आणि डबा घेऊन परत या. त्या क्षणी जिंकण्यापेक्षा दुसरी वाट धरलेली बरी.

ती दुसरी वाट म्हणजे भेट व्यक्तीकडून संस्थेकडे वळवणे. तुमच्या कंपनीच्या सुझोउ कार्यालयाच्या प्रमुखांनी मालकांना स्वतः फोन करावा आणि म्हणावे की आमच्या माणसाला दिलेला हा मान आमच्या सगळ्या कंपनीला मिळाला आहे, तेव्हा बांगडी आम्ही कंपनीच्या नावे स्वीकारतो आणि कार्यालयाच्या काचेच्या कपाटात तुमच्या कारखान्याच्या नावाची पाटी लावून ठेवतो. त्यांना बोलावून त्या कपाटाशेजारी फोटो काढा. यात त्यांचा मान घटण्याऐवजी वाढतो, आणि बांगडी तुमच्या घरातून निघून कंपनीच्या नोंदवहीत जाते. पण या वाटेला एक अट आहे: बांगडी कंपनीकडे राहिली तर यंत्राचा अहवाल तुम्ही लिहायचा नाही, पुण्याहून दुसऱ्याने येऊन लिहायचा. काही कंपन्यांचे नियम अशी वस्तू नावावर घेण्यालाही मनाई करतात; म्हणून नियमपालन विभागाला हा पर्याय चालेल का, हे आधीच विचारून ठेवा.

बांगडी त्यांनी परत घेतली तर पोचपावती मागू नका. पावती म्हणजे पुन्हा तोच कागद. त्याऐवजी त्याच संध्याकाळी वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर त्यांना व्यक्तिगत संदेश पाठवा: आज तुम्ही माझी मोठी अडचण दूर केलीत, डबा तुमच्या हाती सुखरूप पोहोचला याने मन हलके झाले, वहिनींना शाल आवडली का ते कळवा. ते शालीबद्दल उत्तर देतील आणि तारीखवार पुरावा आपोआप तयार होईल. त्या संदेशाचे चित्र कंपनीला पाठवा. ग्राहकासोबतच्या गटात मात्र यातले काहीही टाकू नका.

एक शक्यता राहते. बांगडी परत घेऊन मालक रात्री वीचॅटवर तुम्हाला पैसे पाठवतील, लाल पाकीट म्हणून किंवा थेट. घाबरू नका आणि त्यावर बोट ठेवू नका. न उघडलेले लाल पाकीट आणि न स्वीकारलेली रक्कम 24 तासांनी आपोआप पाठवणाऱ्याच्या खात्यात परत जाते. सकाळी एक हसरे चित्र आणि ‘शिन-यी वो लिंग ल’ एवढेच पाठवा. वीचॅटमधली ही सोय कोणी भिडस्त माणसानेच सुचवली असावी, असे मला नेहमी वाटते.

तुमच्या पत्नीचे म्हणणे मी बाजूला ठेवलेले नाही. हातातली बांगडी परत करताना आपल्याकडच्या बाईच्या मनात जे येते ते मला समजते. पण त्या घरात बांगडीचा अर्थ सौभाग्याचा नाही. जेडची बांगडी रक्षणासाठी देतात. ती फुटली तर घालणारीवरचे संकट तिने स्वतःवर घेतले, असे मानतात, आणि तिच्या एका प्रकाराला ‘फिंग-आन’ बांगडी, म्हणजे सुखरूपतेची बांगडी, असेच नाव आहे. तेव्हा परत जाते ती वस्तू. सवाष्णपणाला त्याचा काही स्पर्श नाही. पत्नीने मालकांच्या पत्नीला स्वतंत्र संदेश करावा की तुमचे ‘फिंग-आन’ मी ठेवून घेतले आहे. हा एक शब्द तुमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त काम करून जाईल, कारण बांगडी बहुधा त्या बाईंनीच निवडलेली असणार.

आणि त्यांना काहीतरी देऊ द्या. सगळेच परत केले तर त्यांचे खाते पुन्हा अडकते. सध्या सुझोउजवळच्या यांगचेंग सरोवरातल्या खेकड्यांचा हंगाम आहे. चांद्र नवव्या महिन्यात मादी आणि दहाव्यात नर खावा, असा तिथला ठोकताळा. उठताना सहज म्हणा, ‘बांगडी राहू द्या, खेकडे मात्र तुमच्या हातून खायचे राहिले आहेत.’ मालकांचा चेहरा तेव्हा खुलतो की नाही, ते पाहा. दोन-चार खेकडे आणि आल्याचा व्हिनेगर मर्यादेत बसतात का, ते मात्र आधी विचारून जा. दुकानात चांगल्या मोठ्या खेकड्यांचा भावही थोडाथोडका नसतो. जेवणाचे आमंत्रण आठवडा-दहा दिवसांत आले, ते मालकांनी स्वतः दिले, सचिवामार्फत नाही, आणि जेवताना ते तुम्हाला स्वतःच्या हाताने खेकडा फोडून दाखवू लागले, की अहवाल पाठवायला हरकत नाही.